पत्त्यांचे दोन ढीग आणि मर्ज सॉर्ट

मर्ज सॉर्ट ही यादी क्रमाने लावण्याची संगणकातली एक पद्धत. ती शिकवताना बहुतेक जण सुरुवात फोडण्यापासून करतात. आठ आकडे घ्या, त्यांचे चार-चार करा, मग दोन-दोन, मग एकेक. शिकणारा हे सगळं वहीत उतरवून घेतो आणि विचारतो, नुसतं फोडून क्रम लागणार कसा? प्रश्न अगदी बरोबर आहे. फोडल्याने काहीच लागत नाही. क्रम लागतो तो जोडताना. म्हणून आपण उलट्या बाजूने जाऊ. आधी लावून ठेवलेले दोन ढीग एकत्र करायला शिकू, आणि ते हाताला बसलं की मग बघू, हे लावलेले ढीग मुळात आले कुठून.

पत्त्यांचा एक कॅट घ्या आणि एक्के, गुलाम, राण्या, राजे बाजूला काढून ठेवा. एक्का सगळ्यात लहान की सगळ्यात मोठा यावर घरोघरी वेगळे कायदे आहेत, तो वाद आत्ता नको. उरलेल्यांतून आठ पत्ते निवडा: दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, अठ्ठी, नव्वी आणि दोन सत्त्या. सत्त्यांपैकी एक बदामाची घ्या आणि एक इस्पिकची. या दोन सत्त्या पुढे कामाला येणार आहेत. बाकीचे पत्ते कुठल्याही रंगाचे चालतील.

पायरी १: दोन लावलेले ढीग मांडा

डाव्या हाताला दुर्री, चौकी, बदाम सत्ती, नव्वी. उजव्या हाताला तिर्री, पंजी, इस्पिक सत्ती, अठ्ठी. दोन्ही ढीग उताणे ठेवा, लहान पत्ता वर आणि मोठा तळाला.

पत्ते एकावर एक नीट रचा, डाव खेळताना हातात धरतो तसे पसरू नका. ढिगाचा फक्त वरचा पत्ता दिसला पाहिजे. पसरलेले पत्ते आपले डोळे एका नजरेत वाचतात आणि आपण नकळत मनातच क्रम लावून टाकतो. संगणकाला ती सोय नाही. त्याला एका वेळी दोनच गोष्टींची तुलना करता येते. तेव्हा आपणही दोनच पत्ते बघायचे.

पायरी २: वरचे दोन बघा, लहान उचला

नियम एवढाच आहे. दोन्ही ढिगांचे वरचे पत्ते बघा. त्यातला लहान उचला आणि मध्ये, तिसऱ्या ढिगात ठेवा. पुन्हा वरचे दोन बघा.

दुर्री आणि तिर्री समोर आहेत. दुर्री लहान, ती मध्ये गेली. आता डावीकडे चौकी वर आली, उजवीकडे तिर्री तशीच आहे. तिर्री उचलली. चौकी आणि पंजी: चौकी गेली. डावीकडे बदाम सत्ती उघडी पडली, उजवीकडे पंजी. पंजी गेली.

इथे जरा थांबा आणि स्वतःला विचारा: चार पत्ते मध्ये गेले, पण प्रत्येक वेळी आपण दोनच पत्ते पाहिले. खालच्या पत्त्यांत एखादा याहून लहान दडलेला नाही, याची खात्री कुणी दिली? ती खात्री ढीग लावलेला असण्यातून येते. डाव्या ढिगात वरचा पत्ता हाच सगळ्यात लहान. उजव्यातही तसंच. मग उरलेल्या सगळ्या पत्त्यांतला सगळ्यात लहान या दोघांपैकीच एक असणार, तिसरा कुणी असूच शकत नाही. मर्ज सॉर्टचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. हे पटलं नसेल तर पुढे जाऊ नका, पत्ते पुन्हा मांडून एकदा करून बघा.

आता दोन सत्त्या समोरासमोर आल्या आहेत. बरोबरी. कुठली उचलायची? आकड्याच्या हिशेबाने दोन्ही चालतील, पण आपण एक पक्की सवय लावून घेऊ: बरोबरी झाली तर डावीकडचा. म्हणून बदाम सत्ती आधी जाते. मग नव्वी आणि इस्पिक सत्ती: सत्ती गेली. नव्वी आणि अठ्ठी: अठ्ठी गेली. उजवा ढीग संपला.

डावीकडे नव्वी एकटी उरली. तिची तुलना करायला समोर कुणी नाही आणि गरजही नाही. एक ढीग संपला की दुसऱ्यात जे काही उरलं असेल ते जसंच्या तसं शेवटी ठेवायचं. ते आधीच लावलेलं आहे आणि मध्ये गेलेल्या कुठल्याही पत्त्याहून लहान नाही.

मोजून बघा. आठ पत्ते एकत्र करायला सात तुलना लागल्या. प्रत्येक तुलनेनंतर एक पत्ता कायमचा जागेवर बसतो आणि शेवटचा फुकट बसतो, म्हणून आठ पत्त्यांना सातपेक्षा जास्त तुलना कधीच लागणार नाहीत. कमी मात्र लागू शकतात. डावीकडे २, ३, ४, ५ आणि उजवीकडे ७, ७, ८, ९ असते तर चार तुलनांतच डावा ढीग संपला असता आणि उजवा उचलून जसाच्या तसा ठेवता आला असता.

मधला ढीग पालथा लावा

ही हाताची गोष्ट आहे, लेखी कुणी सांगत नाही, आणि पहिल्यांदा करणारे हमखास इथे अडकतात. मध्ये जाणारे पत्ते उताणे ठेवत गेलात तर पहिली दुर्री तळाला जाते आणि शेवटची नव्वी वर येते. ढीग लावलेला आहे, पण उलटा. हाच ढीग पुढच्या फेरीत वापरायचा झाला तर वर सगळ्यात मोठा पत्ता असेल आणि आपला नियम कोलमडेल.

त्यामुळे मध्ये ठेवताना प्रत्येक पत्ता पालथा ठेवा. सगळे झाले की आख्खी गड्डी एकदम उलटी करा. तळाची दुर्री वर येईल, तीही उताणी, आणि ढीग पुढच्या फेरीला तयार असेल.

हे काम एकेकाळी यंत्रं खरोखर कार्डांवरच करत. आयबीएमने १९३७ साली आणलेलं 077 कोलेटर हे यंत्र भोकं पाडलेल्या कार्डांचे दोन लावलेले गठ्ठे दोन बाजूंनी आत घेई, समोरासमोरची कार्डं ताडून बघे आणि एकच लावलेला गठ्ठा बाहेर काढी. फक्त एकत्र करण्याचं काम. गठ्ठे आधी लावून द्यावे लागत. मर्ज सॉर्ट ही पूर्ण पद्धत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली एडव्हॅक या संगणकासाठी लिहिली. तो संगणक तेव्हा तयारही झालेला नव्हता.

पायरी ३: लावलेले ढीग येतात कुठून

आता आठही पत्ते पिसा. समजा ते या क्रमाने आले, आणि असेच टेबलावर डावीकडून उजवीकडे मांडले:

```
7  2  9  4  8  3  7  5
```

पहिली सत्ती बदामाची, दुसरी इस्पिकची. यात लावलेला ढीग कुठे दिसतो का? दिसतो, आठ आहेत. एका पत्त्याचा ढीग हा लावलेलाच असतो. त्यात क्रम चुकायला दुसरा पत्ताच नाही. फोडण्याचा सगळा खटाटोप इथवर पोचण्यासाठी असतो: लावलेले ढीग हवेत आणि एका पत्त्याचा ढीग कुठलीही मेहनत न करता लावलेला मिळतो.

पहिली फेरी. शेजारचे दोन-दोन ढीग एकत्र करा, त्याच नियमाने. सत्ती-दुर्रीचे झाले २, ७. नव्वी-चौकीचे ४, ९. अठ्ठी-तिर्रीचे ३, ८. सत्ती-पंजीचे ५, ७. चार जोड्या, चार तुलना.

दुसरी फेरी. दोन-दोन पत्त्यांचे शेजारचे ढीग एकत्र करा. २, ७ आणि ४, ९ यांतून दोन गेला, मग चार, मग सात, आणि नऊ उरला: तीन तुलना. ३, ८ आणि ५, ७ यांतून तीन गेला, मग पाच, मग सात, आणि आठ उरला: पुन्हा तीन.

हातात काय आहे बघा. डावीकडे २, ४, ७, ९ आणि उजवीकडे ३, ५, ७, ८. आपण ज्यांच्यापासून सुरुवात केली तेच दोन ढीग. तिसरी फेरी तुम्ही केलेलीच आहे, सात तुलनांची.

चार, सहा आणि सात मिळून सतरा. आठ पत्त्यांना या पद्धतीने जास्तीत जास्त लागू शकतात त्या सतराच, म्हणजे आपल्याला आलेला डाव वाईटात वाईट होता. त्याऐवजी प्रत्येक पत्ता दुसऱ्या प्रत्येक पत्त्याशी ताडला असता तर अठ्ठावीस तुलना झाल्या असत्या. सतरा आणि अठ्ठावीस यांतला फरक फारसा वाटत नाही, आणि आठ पत्त्यांपुरता तो खरंच फारसा नाही. पूर्ण बावन्न पत्त्यांना हेच आकडे साधारण २५० आणि १,३२६ होतात. १,०२४ पत्ते असते तर ९,२१७ आणि ५,२३,७७६.

ही दरी का रुंदावते ते फेऱ्यांवरून दिसतं. प्रत्येक फेरीत ढिगाची लांबी दुप्पट होते: एक, दोन, चार, आठ. आठ पत्त्यांना तीन फेऱ्या. पत्ते दुप्पट केले, सोळा घेतले, तर फेरी एकच वाढते. १,०२४ पत्त्यांना दहा फेऱ्या पुरतात. आणि एका फेरीत प्रत्येक पत्ता एकदाच उचलून ठेवला जातो. काम म्हणजे पत्त्यांची संख्या गुणिले फेऱ्या. `n log n` असं जे लिहिलेलं दिसतं ते हेच. `log n` म्हणजे फेऱ्या.

पत्ते सात असले, अकरा असले तरी काही बिघडत नाही. एका बाजूला पत्ते कमी येतील. जोडीला कुणी नसलेला ढीग तसाच पुढच्या फेरीत जाईल.

पायरी ४: हेच पायथनमध्ये

```python
def merge(left, right):
    out = []
    i = j = 0
    while i < len(left) and j < len(right):
        if left[i] <= right[j]:
            out.append(left[i])
            i += 1
        else:
            out.append(right[j])
            j += 1
    return out + left[i:] + right[j:]

def merge_sort(a):
    if len(a) <= 1:
        return a
    mid = len(a) // 2
    return merge(merge_sort(a[:mid]), merge_sort(a[mid:]))
```

वरचं फंक्शन म्हणजे पायरी २. `i` आणि `j` ही दोन बोटं समजा, प्रत्येक ढिगाच्या वरच्या पत्त्यावर ठेवलेली. पत्ता उचलला की ते बोट एक घर पुढे सरकतं. `while` म्हणजे दोन्ही ढिगांत काहीतरी शिल्लक आहे तोवर. शेवटच्या ओळीत उरलेले पत्ते जोडलेत. दोन्ही बाजू लिहिल्या असल्या तरी एक रिकामीच असते. इथे पत्ते उलटे पडण्याची भानगड नाही, कारण `append` शेवटी जोडतं आणि आपण वाचतो सुरुवातीपासून.

खालच्या फंक्शनमध्ये फोडणं आहे. हातात एक किंवा शून्य पत्ते असतील तर जसेच्या तसे परत द्या. नाहीतर मधोमध तोडा, दोन्ही अर्धे स्वतःलाच लावायला सांगा आणि आलेले दोन लावलेले ढीग एकत्र करा.

एक फरक ध्यानात ठेवा, नाहीतर मध्ये `print` टाकून बघाल तेव्हा गोंधळ उडेल. आपण टेबलावर आधी सगळ्या जोड्या केल्या, मग सगळे चौक. हा कोड तसं करत नाही. तो डावा अर्धा भाग पूर्ण लावून होईपर्यंत उजव्याला हातच लावत नाही. म्हणजे २, ७ झाले, ४, ९ झाले, लगेच २, ४, ७, ९ झाले, आणि तेव्हा कुठे अठ्ठी-तिर्रीची पाळी येते. तुलना त्याच, सतराच, फक्त आगेमागे.

चुकलं तर कसं ओळखाल

आधी पत्ते मोजा. आठ घालून कमी बाहेर आले, तर तुलनेत चूक शोधत बसू नका. पत्ते कुठेतरी सांडलेत. जागा दोनच असतात. एक तर शेवटी उरलेले पत्ते जोडायचे राहिले, किंवा तोडताना `a[mid:]` ऐवजी `a[mid+1:]` लिहिलं आणि मधला पत्ता कुणाच्याच वाट्याला आला नाही.

पत्ते पूर्ण आहेत पण क्रम चुकलाय, तर न लावलेला ढीग एकत्र करायला दिलाय असं बहुतेक वेळा निघतं. हे टेबलावर मुद्दाम करून बघा. डावीकडे २, ९, ४ ठेवा आणि उजवीकडे ३, ५. दोन जाईल, तीन जाईल, पाच जाईल, मग उजवा ढीग संपला म्हणून उरलेले ९, ४ तसेच जोडले जातील. निकाल २, ३, ५, ९, ४. एकत्र करणाऱ्याने काहीच चूक केली नाही. चौकी नव्वीखाली दबली होती आणि त्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे अशा वेळी `merge` दुरुस्त करण्याआधी त्याच्या हातात काय आलं ते छापून बघा.

तिसरी चूक लपून बसते. `len(a) <= 1` च्या जागी कुणी `len(a) == 1` लिहितं. आठ पत्त्यांना चालतं, सातांना चालतं, एकालाही चालतं. रिकामी यादी दिली की मात्र फंक्शन शून्याचे दोन शून्य करत स्वतःलाच हाका मारत बसतं आणि शेवटी `RecursionError` येतो. म्हणून तपासताना `[]` आणि एकच आकडा असलेली यादी आवर्जून द्या.

आणि चौथी, जी पत्ते मोजून सापडत नाही आणि आकडे बघूनही नाही: `<=` ऐवजी `<`. बरोबरी झाली की आता उजवीकडचा उचलला जाईल. निकाल २, ३, ४, ५, ७, ७, ८, ९ असाच येईल, पण इस्पिक सत्ती बदाम सत्तीच्या पुढे गेलेली असेल. पत्ते पिसून मांडले तेव्हा बदाम आधी होती. नुसते आकडे लावायचे असतील तर कुणाचं काही अडत नाही. पण वर्गातल्या मुलांची यादी आडनावाने लावलेली आहे आणि ती आता तुकडीने लावायची आहे असं समजा. एका तुकडीतली मुलं एकमेकांच्या बरोबरीची. `<=` असेल तर अ तुकडीत आडनावांचा क्रम शाबूत राहतो, `<` असेल तर तो विस्कटतो. बरोबरीच्या गोष्टी मूळ क्रमाने राहणं, याला स्टेबल म्हणतात, आणि मर्ज सॉर्ट निवडण्यामागे बऱ्याचदा वेगापेक्षा हेच कारण असतं.

टेबल मोठं लागतं

आठ पत्ते मांडताना लक्षात आलं असेल की मध्ये तिसऱ्या ढिगासाठी जागा ठेवावी लागते. संगणकातही `out` ही यादी वेगळी जागा खाते, शेवटच्या फेरीत तर मूळ यादीएवढी. जागेवरच्या जागेवर एकत्र करण्याच्या पद्धती आहेत, पण त्या किचकट आहेत आणि नवख्याने त्यांच्या नादी लागू नये.

दुसरी मर्यादा अशी की पाच-दहा गोष्टी लावायच्या असतील तर हा सगळा व्याप महाग पडतो. हातात आलेला पत्ता सरळ योग्य जागी खोचत जाणं, रमी खेळताना आपण करतो तसं, तेव्हा जास्त लवकर होतं. मोठ्या यादीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमसुद्धा छोट्या तुकड्यांपुरते याच पद्धतीवर उतरतात.

आणि तिसरी गोष्ट, पत्ते पुन्हा मांडून बघण्यासारखी. आपला कोड पत्त्यांकडे न बघताच मधोमध तोडतो. आधीच लावलेले आठ पत्ते दिले तरी तो सगळं सुटं करतो आणि पुन्हा जोडतो. तुलना कमी होऊन बारावर येतात एवढंच. पण आपल्या पिसलेल्या डावातच बघा: सत्ती एकटी, मग २, ९ चढत्या क्रमात, मग ४, ८, मग ३, ७, मग पंजी. आठ सुट्या पत्त्यांऐवजी पाच लावलेले तुकडे आयतेच पडलेत, ते तोडायचे कशाला? टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिलेलं टिमसॉर्ट याच प्रश्नापासून सुरू होतं. ते आधी असे चढते तुकडे शोधतं, तुकडा फार लहान निघाला तर पुढचे पत्ते त्यात खोचून तो वाढवतं, आणि मग तुकडे एकत्र करत जातं, बरोबरीला डावीकडचा आधी. आधीच लावलेली यादी दिली तर आठ पत्त्यांना सात तुलनांत त्याचं काम संपतं. तुम्ही पायथनमध्ये `sorted()` लिहिता तेव्हा मूळ कल्पना हीच चालते.